अमोनियाच्या माथ्यावर काय आहे?

सकाळी ६:००

भूम तालुका खव्यासाठी ओळखला जातो आणि ईटची सकाळ दुधानेच उजाडते. माझ्या अकरावी सायन्सच्या वर्गातली बरीच मुलं धार काढून, दूध घालून मगच कॉलेजची वाट धरतात. त्यांच्या हातात पुस्तक इंग्रजी, डोक्यात विचार मराठी, आणि आज त्यांना रेणूंचे आकार शिकायचे आहेत. हा पाठ मला फार आवडतो. कागदावर H, N, O अशी अक्षरं लिहायची, बोटांवर थोडी बेरीज करायची आणि कुणी कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या रेणूचा आकार सांगून टाकायचा, हे सोळा वर्षांच्या मुलांना खरोखर जमतं. फक्त सुरुवात योग्य टोकाकडून व्हायला हवी.

चहा ठेवून लॅपटॉप उघडला. शिक्षकांच्या ग्रुपवरून आलेल्या तयार स्लाइड्स आहेत. रंग छान, अक्षर मोठं. पण पहिल्याच स्लाइडवर तक्ता आहे: sp म्हणजे सरळ रेषेत, sp² म्हणजे सपाट त्रिकोणी, sp³ म्हणजे चतुष्फलकीय. इलेक्ट्रॉन जोड्यांच्या प्रतिकर्षणाची, म्हणजे त्या एकमेकींना दूर लोटतात त्याची, स्लाइड पुढे कुठेतरी सात-आठ पानांनंतर येते. हा क्रम मला मान्य नाही. तक्ता आधी पाहिलेलं मूल परीक्षेत हमखास लिहितं की अमोनिया sp³ आहे, म्हणून त्याचा आकार चतुष्फलकीय आहे. पहिलं वाक्य बरोबर, दुसरं चूक, आणि मधला 'म्हणून' तर उलटाच.

मी तक्त्याची स्लाइड उचलून शेवटी टाकली. जागा मोकळी झाली तिथे एक कोरी स्लाइड ठेवली.

सकाळी ७:४५

एसटी स्टँडजवळच्या दुकानातून फुग्यांचं पाकीट घेतलं. दुकानदार विचारतो, "मॅडम, वाढदिवस हाय का कुणाचा?" त्याला म्हटलं, शिकवायला लागतात. कमी फुगणारे लांबट फुगे नकोत, गोल फुगणारेच हवेत, आणि सगळे एकाच मापाचे. फुगे लहान-मोठे झाले तर कोन बिघडतात आणि मुलांच्या डोक्यात भलतंच चित्र बसतं.

सकाळी ८:३०, पहिला तास

प्रोजेक्टर लावलेला आहे, पण पहिली पंधरा मिनिटं तो बंदच ठेवते. दोन सारखे फुगलेले फुगे देठाशी एकत्र बांधले. ते आपोआप एकमेकांच्या विरुद्ध दिशेला गेले, सरळ रेषेत. मग तीन बांधले: टेबलावर सपाट पसरले, प्रत्येकी १२० अंशांवर. मग दोन-दोन फुग्यांच्या दोन जोड्या घेऊन देठ एकमेकांत पिळले. चारही फुगे टेबलावरून उठले आणि एक वर, तीन खाली असे उभे राहिले. मी ते तळव्याने दाबून सपाट केले, हात काढला, पुन्हा तसेच उभे. एका मुलीला पुढे बोलावून तिच्याकडूनही दाबून घेतलं. तिने हात काढल्यावर फुगे परत उसळले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते स्लाइडने येत नाही.

इथे एक गोष्ट वर्गाला आवर्जून सांगते. फुगे एकमेकांना ढकलतात कारण दोघांना एकच जागा व्यापता येत नाही. इलेक्ट्रॉन जोड्यांचंही बरंचसं तसंच आहे. मागच्या बाकावरून नेहमी येणारा प्रश्न आजही आला: "मॅडम, ऋण प्रभार ऋण प्रभाराला ढकलतो म्हणूनच ना?" तेही आहेच, पण मुख्य कारण पाउलीचा नियम. एकसारख्या स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन एकाच जागी राहू शकत नाहीत, म्हणून एक जोडी दुसऱ्या जोडीच्या जागेत घुसत नाही. रोनाल्ड गिलेस्पी आणि रोनाल्ड नायहोम यांनी १९५७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात असताना हा नियम सविस्तर मांडला. जोड्यांची संख्या आणि आकार यांचा संबंध त्याआधी १९४० मध्येच सिजविक आणि पॉवेल यांनी दाखवला होता. गिलेस्पी पुढे आयुष्यभर सांगत राहिले की भर प्रभारावर देऊ नका, पाउलीवर द्या.

आता प्रोजेक्टर सुरू केला आणि त्या कोऱ्या स्लाइडवर स्वतः टाइप केलं:

NH₃ आणि BF₃

दोन्ही रेणूंत मधे एक अणू, भोवती तीन. सूत्रं शेजारी ठेवली तर कुणालाही वाटेल की आकारही एकच असणार. वर्गाला हात वर करायला सांगितले, तर बहुतेकांनी दोन्ही सपाट त्रिकोणी ठरवून टाकले. मग मोजणीला लागलो.

मधल्या अणूच्या बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन घ्यायचे. त्यात भोवतालच्या प्रत्येक हायड्रोजन किंवा फ्लोरिनचा एकेक मिळवायचा. बेरजेला दोनाने भागलं की मधल्या अणूभोवतीच्या जोड्या मिळतात. नायट्रोजनचे ५, हायड्रोजनचे ३, बेरीज ८, जोड्या ४. बोरॉनचे ३, फ्लोरिनचे ३, बेरीज ६, जोड्या ३.

इथे पुढच्या बाकावरची मुलगी थांबवते. "मॅडम, फ्लोरिनवर पण लोन पेअर हायेत की. त्या का मोजायच्या न्हाईत?" हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण तो विचारणारं मूल खरंच मोजतंय. फ्लोरिनच्या तीन लोन पेअर फ्लोरिनच्या भोवती आहेत. आपण प्रश्न विचारतोय तो बोरॉनच्या भोवती कोण कुठे बसलंय हा. आकार ठरतो तो मधल्या अणूभोवतीच्या जोड्यांनी, म्हणून मोजायच्या त्याही तिथल्याच.

बोरॉनभोवती तीन जोड्या, तिन्हींच्या टोकाला फ्लोरिन. तीन फुग्यांची रचना, सपाट, १२० अंश. नायट्रोजनभोवती चार जोड्या, म्हणजे चार फुग्यांची रचना, पण हायड्रोजन तीनच. चौथी जोडी एकटी, तिच्या टोकाला कुणी नाही. चार फुग्यांतल्या वरच्या फुग्यावर मार्करने 'लो. पे.' लिहिलं आणि विचारलं, "आता अणूच तेवढे बघा. फुगे विसरा. काय दिसतं?" तीन हायड्रोजन खाली, नायट्रोजन वर: तिपाई, पिरॅमिड. चार जोड्यांची रचना चतुष्फलकीय, पण रेणूचा आकार पिरॅमिडसारखा. रेणूच्या आकाराला नाव देताना फक्त अणूंच्या जागा बघतात. लोन पेअर जागा अडवते, पण नावात येत नाही.

आज वर्गात सगळ्यात जास्त वेळ या एकाच वाक्याला दिला. पाठातली निम्मी चूक इथेच होते. वही तपासताना ती ओळखायची सोपी खूण आहे. 'नायट्रोजनच्या माथ्यावर काय आहे?' असा प्रश्न द्यायचा. ज्याने 'काही नाही' लिहिलं त्याने तक्ता पाठ केलाय. ज्याने 'लोन पेअर' लिहिलं त्याने रेणू मनात फिरवून पाहिलाय.

आणि हे सगळं खरं कशावरून? अमोनियाला द्विध्रुव आघूर्ण आहे, सुमारे १.४७ डिबाय. बोरॉन ट्रायफ्लोराइडचं शून्य. सपाट त्रिकोणात तीन सारखे ओढे एकमेकांना पुरते काटतात, पिरॅमिडमध्ये ते काटले जात नाहीत. अमोनिया सपाट असता तर त्याचंही शून्यच आलं असतं.

सकाळी १०:४५

मधली सुट्टी. वीज गेली, पण फुगे आहेत तोवर मला काळजी नाही. दोन मुलं टेबलाशी येऊन एक फुगा जरा जास्त फुगवून बघतायत. त्यांना सांगितलं नव्हतं, स्वतःच सुचलं. मोठ्या फुग्याने बाकीचे तिन्ही खाली लोटले, त्यांच्यातला कोन कमी झाला. लोन पेअर अगदी हेच करते. बाँड पेअर दोन केंद्रकांच्या ओढीत असते, मधे आवळून बसते. लोन पेअर एकाच केंद्रकाच्या ताब्यात, म्हणून मधल्या अणूजवळ पसरून जास्त जागा घेते.

सुट्टी संपायच्या आत फळ्यावर तीन आकडे लिहून टाकले. मिथेनमध्ये लोन पेअर नाही, कोन १०९.५ अंश. अमोनियात एक, कोन सुमारे १०७. पाण्यात दोन, कोन १०४.५. तिन्हींत चारच जोड्या. प्रत्येक लोन पेअरमागे कोन दोन-अडीच अंशांनी आवळला जातो. पण हा काही मोजणीचा नियम नाही, या तीन रेणूंपुरतं तसं दिसतं. तो 'पण' मी मुद्दाम ठळक करून सांगितला. त्याचं कारण दुपारच्या प्रात्यक्षिकात येणार होतं.

दुपारी १२:००, दुसरा तास

मिथेन. पुस्तकात आणि स्लाइडवर तो अधिक चिन्हासारखा काढतात: मधे C, चार बाजूंना H. साहजिकच एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ह्यो तर सपाटच दिसायलाय की, कोन नव्वद." त्याला चूक म्हणायची घाई केली नाही. त्याच्याच चौकोनावर दोन हायड्रोजन पुसून त्या जागी क्लोरिन लिहायला सांगितले. त्याने शेजारी-शेजारी लिहिले. दुसऱ्या मुलीला सांगितलं, तू समोरासमोर लिही. आता फळ्यावर CH₂Cl₂ चे दोन वेगळे रेणू झाले. मिथेन चौकोनी असता तर डायक्लोरोमिथेन नावाचे दोन पदार्थ सापडायला हवे होते, वेगळ्या उकळबिंदूंचे. सापडतो एकच. चतुष्फलकात कुठलेही दोन कोपरे घ्या, ते शेजारीच असतात, म्हणून एकच पदार्थ होतो. कार्बनचे चार बंध अवकाशात असे उभे असतात, हे १८७४ मध्ये बावीस वर्षांच्या व्हान्ट हॉफने आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे ल बेल याने मांडलं. इलेक्ट्रॉनचा शोधसुद्धा तेव्हा लागलेला नव्हता.

मग कोन काढायचा. १०९.५ हा आकडा पाठ करवून घ्यायला मला आवडत नाही, कारण तो पाच मिनिटांत निघतो. पुठ्ठ्याचा १० सेंटिमीटर बाजूचा घन केला. घनाच्या मधोमध कार्बन, आठ कोपऱ्यांपैकी एक सोडून एक अशा चार कोपऱ्यांवर हायड्रोजन. मध्यापासून कोपऱ्याचं अंतर ८.६६ सेंटिमीटर, त्याचा वर्ग ७५. दोन हायड्रोजनमधलं अंतर म्हणजे घनाच्या एका पृष्ठाचा कर्ण, त्याचा वर्ग २००. अकरावीच्या गणितातला कोसाइनचा नियम लावला:

cos θ = (75 + 75 − 200) / (2 × 75) = −1/3

कॅल्क्युलेटरवर १०९.४७ अंश आलं. घनात रबराने बांधलेले स्ट्रॉ घालून कोनमापकाने मोजलं तर एकशे नऊ-दहाच्या आसपास. मघाशी नव्वद म्हणणाऱ्या मुलाला कोनमापक धरायला दिला होता. आकडा त्यानेच मोठ्याने वाचला.

पाणी आणि कार्बन डायऑक्साइड याच तासाला झटपट झालं. कार्बन डायऑक्साइडमध्ये दुहेरी बंध आहेत. दुहेरी असला तरी तो एकाच दिशेला जातो, म्हणून दिशा एकच मोजायची. ऑक्सिजनचा हायड्रोजनसारखा एकेक मिळवायला गेलं तर उत्तर चुकतं. कार्बनभोवती दोन दिशा, लोन पेअर नाही: सरळ रेषा, १८० अंश. पाण्यात ऑक्सिजनचे ६ आणि हायड्रोजनचे २, चार जोड्या, त्यांतल्या दोन लोन पेअर: वाकलेला.

सगळे आकार सांगून झाल्यावर, आता कुठे तक्त्याची स्लाइड लावली. कार्बनकडे एक s आणि तीन p ऑर्बिटल असतात. त्यांतली p एकमेकांशी ९० अंशांत. त्यांच्यापासून १०९.५ अंशांचे चार सारखे बंध कसे होतील, हा प्रश्न लायनस पॉलिंगला पडला होता, आणि १९३१ मध्ये त्याने ही ऑर्बिटल गणिताने मिसळून चार सारखी sp³ ऑर्बिटल तयार केली. म्हणजे मिथेनचा आकार आधीपासून माहीत होता, हायब्रिडायझेशन त्याला साजेसं वर्णन म्हणून आलं. चार दिशा असल्या की sp³, तीन असल्या की sp², दोन असल्या की sp. मुलांनी आकारांपुढे ही नावं स्वतःच भरली, मला काही सांगावं लागलं नाही.

दुपारी ३:००, प्रयोगशाळा

बारावीचं क्षार विश्लेषण चालू आहे. किपच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड सोडला, खिडक्या उघड्या, तरी सडक्या अंड्याचा वास बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत गेला. अकरावीची चार-पाच मुलं वास घेतच दाराशी आली. त्यांना आत घेतलं आणि विचारलं, "ह्या वायूचा आकार सांगा."

वेळ लागला नाही. सल्फरचे ६, हायड्रोजनचे २, चार जोड्या, दोन लोन पेअर. "पाण्यासारखाच, वाकलेला. कोन एकशे साडेचार." वाकलेला हे बरोबर. कोन प्रत्यक्षात ९२ अंशांच्या आसपास आहे.

मुलं गप्प झाली. एक जण हळूच म्हणाला, "मग मोजणी चुकली का?" मोजणी चुकली नाही. मोजणी आकाराचं नाव सांगते, आणि ते बरोबरच आलं. कोन नेमका किती हे सांगायची तिची कुवतच नाही, तिथे अणूचा आकार आणि ओढ आडवे येतात. ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाची लांबी ०.९६ ॲंगस्ट्रॉम, सल्फर-हायड्रोजनची १.३४. सल्फर मोठा आहे आणि बंधातले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनइतके स्वतःकडे ओढून धरत नाही. त्यामुळे दोन्ही बाँड पेअर मधल्या अणूपासून लांब पडतात, त्यांच्यातला रेटा कमी होतो आणि लोन पेअर त्यांना आणखी जवळ दाबतात. कोन जवळजवळ नव्वदवर येतो, म्हणजे नुसत्या p ऑर्बिटलमध्ये जेवढा असतो तेवढ्यावर. सल्फरच्या बंधांत s चा वाटा फारच थोडा असतो, इथे sp³ हे नाव नीट बसत नाही.

"मग परीक्षेत काय लिहायचं?" हा प्रश्न येणारच होता. आकार वाकलेला लिहा, जोड्या चार लिहा, कोन विचारला तर पाण्याचा उचलून लिहू नका. आणि 'sp³ आहे म्हणून कोन १०९ च्या जवळ' असं तर कधीच लिहू नका, कारण हा वायू त्या वाक्याच्या विरोधात साक्ष देतो. हायब्रिडायझेशन कारण असतं तर पाण्यात आणि इथे कोन इतके वेगळे आलेच नसते.

सायंकाळी ६:३०

घरी आल्यावर मोबाइलवर एका मुलीचा प्रश्न आलेला: "मॅडम, लोन पेअर खरंच कुठं असती, कुणी बघितलीया का?" तिला उद्या उत्तर द्यायचंय, म्हणून जरा वाचत बसले.

अणूंच्या जागा क्ष-किरणांनी किंवा वर्णपटांवरून कळतात, लोन पेअर तशी थेट पकडता येत नाही. पण तिचा माग काढता येतो. या कामात मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. पुणे विद्यापीठात अनेक वर्षं शिकवलेले सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ श्रीधर गद्रे यांनी रेणूभोवतीच्या विद्युत विभवाचा अभ्यास केला. एखादा सूक्ष्म धन प्रभार रेणूभोवती फिरवला तर तो कुठे सर्वांत जास्त ओढला जाईल, ती जागा गणिताने शोधायची. लोन पेअर असते तिथे अशी जागा सापडते, हे गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ च्या एका शोधनिबंधात सविस्तर दाखवलं. अमोनियात ती जागा नायट्रोजनच्या माथ्यावर येते, सकाळी मी फुग्यावर 'लो. पे.' लिहिलं होतं तिथेच. मुलीला हे सांगताना तिला कळेल की आपण मोजलेली जोडी नुसती वहीतली खूण नव्हती.

फुगे मात्र इथे अपुरे पडतात, हेही तिला सांगायला हवं. फुग्याला कड असते, जोडीला नसते. जोडीची दाटी हळूहळू विरळ होत जाते.

रात्री ९:१५

उद्याच्या स्लाइड्स लावून ठेवल्या. आधी जोड्यांची मोजणी, मग रचना, मग अणूंवरून आकार, आणि शेवटी हायब्रिडायझेशनचा तक्ता. पाण्याच्या स्लाइडच्या शेजारी एक नवी स्लाइड आली: H₂S, कोन ९२ अंश.

अकरावीला रसायन शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझी एवढीच विनंती आहे. तुमच्याकडे आलेल्या तयार स्लाइड्समध्ये हा एक वायू पाण्याच्या शेजारी नक्की घाला, आणि कोनाचा आकडा मुलांना आधी सांगू नका. त्यांना अंदाज करू द्या, मग आकडा दाखवा. आणि ज्या मुलांनी हे वाचलं त्यांनी फॉस्फिनचा, PH₃ चा, आकार आज रात्रीच वहीत मोजून बघावा. त्याचा कोन अमोनियाइतका असेल की हायड्रोजन सल्फाइडच्या जवळ, हे ठरवून कारणही लिहून ठेवावं.